घर पाहण्याआधीच जाणारी अनामत

शहरात नव्याने आलेल्या माणसाची फसवणूक म्हटली की डोळ्यांसमोर ठरावीक चित्रे येतात. रेल्वे स्थानकाबाहेर दुप्पट भाडे सांगणारा रिक्षावाला, देवळाच्या पायरीवर ‘सरकारी गाईड’ म्हणून गळ्यात ओळखपत्र अडकवून उभा असलेला मनुष्य, दुकानदाराकडून दलाली घेऊन गिऱ्हाईक नेऊन सोडणारा टॅक्सीचालक. हे प्रकार त्रासदायक खरे, पण त्यांना एक मर्यादा असते. फसवणारा समोर उभा असतो, रक्कम शंभर-पाचशेच्या घरात असते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शहाणे होते. मुक्काम शोधणाऱ्या माणसाकडून आगाऊ घेतली जाणारी अनामत मात्र या मर्यादेत बसत नाही. तेथे फसवणारा दिसत नाही, रक्कम हजारांपासून लाखांपर्यंत जाते आणि फसवणूक लक्षात येते तेव्हा माणूस सामानासह परक्या शहरात उभा असतो.

गोमंतकीय वाचकासाठी हा विषय दोन्ही बाजूंनी जवळचा आहे. शिक्षण व नोकरीसाठी राज्यातील तरुण पुणे, मुंबई, बेंगळुरू गाठतात. त्यांतील बहुतेकांना घर शोधावे लागते ते फोंड्यात, डिचोलीत वा पेडण्यात बसून, मोबाईलच्या पडद्यावर. उलट दिशेने येणारा पर्यटक आपल्या घरी बसून कळंगुट-हणजूणची खोली वा व्हिला असाच पडद्यावर ठरवतो. दोघेही न पाहिलेल्या जागेसाठी, न पाहिलेल्या माणसाला, आगाऊ पैसे देतात.

साखळी कशी गुंफली जाते

या फसवणुकीचा साचा देशभर जवळपास सारखा आहे. नमुन्यादाखल एक काल्पनिक प्रकरण पाहू. फोंड्यातील एका तरुणाला हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागली असून पंधरा दिवसांत रुजू व्हायचे आहे. वाकड परिसरात एका बेडरूमच्या सदनिकेचे भाडे वीस हजारांच्या पुढे सांगितले जात असताना त्याला एका संकेतस्थळावर साडेतेरा हजारांची जाहिरात दिसते. छायाचित्रे उत्तम, ‘दलाली नाही, थेट मालक’ असा उल्लेख. छायाचित्रे खऱ्या सदनिकेचीच असतात. फक्त ती दुसऱ्या कोणाच्या तरी जाहिरातीतून उचललेली असतात.

तो संपर्क साधतो. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो. आपण सैन्यदलात वा विमानतळ सुरक्षेत असून बदली झाल्याने घर रिकामे आहे, असे सांगतो. सैनिकाची ओळख योगायोगाने निवडलेली नसते. गणवेशावर लोकांचा विश्वास असतो, आणि मालक स्वतः घर दाखवायला का येऊ शकत नाही याचे उत्तरही त्यातच मिळते. पुरावा म्हणून ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड आणि आधारपत्राची छायाचित्रे येतात. ती कित्येकदा खऱ्या माणसांची असतात, पण बोलणाऱ्याची नसतात. आधीच्या एखाद्या सावजाने ‘भाडेकरू पडताळणीसाठी’ पाठवलेली कागदपत्रे पुढच्या सावजाला मालकाची म्हणून दाखवली जातात. आपल्या तरुणानेही याच संभाषणात आपले आधारपत्र पाठवलेले असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

मग पहिली मागणी येते. संकुलात प्रवेशासाठी ‘गेट पास’ काढावा लागतो, त्याचे अडीच हजार रुपये. ते भाड्यातून वजा होतील वा घर पसंत न पडल्यास परत मिळतील. रक्कम लहान असल्याने तरुण ती देऊन टाकतो. या अडीच हजारांचा खरा उपयोग हा माणूस पैसे देतो की नाही हे तपासण्यासाठी होतो. त्याच संध्याकाळी दुसरा फोन येतो: आणखी एक कुटुंब उद्या सकाळी घर पाहायला येणार आहे, घर राखून ठेवायचे तर एका महिन्याचे भाडे टोकन म्हणून पाठवा. साडेतेरा हजार जातात.

तिसरा टप्पा सर्वांत क्रूर असतो. पलीकडून सांगितले जाते की रक्कम ‘अडकली’ आहे. आमच्या खात्याच्या पद्धतीप्रमाणे टोकन आणि अनामत एकत्र यायला हवी होती. आता अनामतीचे सत्तावीस हजार पाठवा, म्हणजे आधीची रक्कम आपोआप परत येईल. यूपीआयमध्ये किंवा कोणत्याही बँकेत अशी पद्धत अस्तित्वात नाही. परंतु सोळा हजार गुंतलेला माणूस ते वाचवण्यासाठी आणखी सत्तावीस हजार देतो. एकूण त्रेचाळीस हजार रुपये गेल्यावर क्रमांक बंद होतो. मोठी रक्कम लोभापोटी जाते असा समज आहे. प्रत्यक्षात ती आधी गेलेली रक्कम परत मिळवण्याच्या धडपडीत जाते. म्हणून नियम साधा आहे: परतावा मिळण्यासाठी आणखी पैसे भरावे लागतील, असे वाक्य ज्या क्षणी ऐकू येईल तो क्षण थांबण्याचा.

ओळखायचे कशावरून

कमी भाडे ही पहिली खूण, परंतु तेवढी पुरेशी नाही. काही खरे मालकही घाईत असतात. अधिक भरवशाची खूण म्हणजे क्रम. खऱ्या व्यवहारात आधी घर दिसते, मग माणूस भेटतो, मग कागद होतो आणि पैसे शेवटी जातात. हा क्रम उलटा होऊन पैसे पहिल्यांदा मागितले गेले, की कारण कितीही पटणारे असो, व्यवहार संशयास्पद मानावा. घर पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत. संकुलाचा रखवालदार पाहुण्याचे नाव वहीत वा ॲपमध्ये नोंदवतो आणि सदनिकाधारकाला विचारतो. त्यासाठी परताव्याचे शुल्क मालकाच्या खात्यात भरावे लागत नाही.

दुसरी खूण नावाची. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी पडद्यावर खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव दिसते. मालक म्हणून सांगितलेले नाव आणि हे नाव जुळत नसेल तर तेथेच थांबावे. ‘हे आमच्या हिशेबनिसाचे खाते’, ‘हे पत्नीच्या भावाचे’ अशी उत्तरे तयार असतात. ती मिळू लागणे हीच खूण होय. अशी खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात. कोणी विद्यार्थी वा मजूर काही हजारांच्या बदल्यात आपले खाते वापरायला देतो आणि पैसा त्यातून पुढच्या खात्यात, तेथून एटीएमवर निघून जातो.

तिसरी चाचणी घराची. जाहिरातीतील छायाचित्र शोधयंत्रात टाकले तर तेच घर दुसऱ्या शहरात, दुसऱ्या भाड्याने दिसू शकते. थेट व्हिडिओ संभाषणात दारावरील क्रमांक, मग जिना, मग संकुलाचे फाटक असे सलग दाखवायला सांगावे. आधी चित्रित केलेली फीत दाखवणाऱ्याला हे जमत नाही. पण या सर्वांपेक्षा जुना उपाय अधिक कामाचा आहे: त्या शहरातील एखाद्या ओळखीच्या माणसाने फाटकापर्यंत जाऊन सोसायटीच्या कार्यालयात विचारणे. गोव्यातून पुण्याला गेलेला एखादा शेजारी, वर्गमित्र, नातेवाईक बहुतेकांना असतो. त्याचा अर्धा तास त्रेचाळीस हजार रुपये वाचवतो. तसा कोणीच नसेल तर पहिले चार-पाच दिवस साध्या लॉजमध्ये वा वसतिगृहात काढून घर स्वतः पाहणे हा खर्च नसून विमा आहे.

मोठी अनामत, मोठा खड्डा

टोकनची फसवणूक अनोळखी माणसाकडून होते. अनामतीचा दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण त्यात घर खरे असते, किल्ली मिळते, माणूस राहायलाही जातो. मुंबई-ठाण्यात त्याला ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतात, बेंगळुरूत नुसतेच ‘लीज’. मासिक भाडे द्यायचे नाही. त्याऐवजी पाच, आठ, दहा लाख एकरकमी द्यायचे आणि करार संपल्यावर पूर्ण रक्कम परत घ्यायची. ही पद्धत स्वतः बेकायदेशीर नाही. खऱ्या मालकाला एकरकमी पैशांची गरज असेल तर ती दोघांनाही सोयीची ठरते. घोटाळा सुरू होतो तो मध्ये तिसरा माणूस शिरला की.

हा मध्यस्थ मालकाकडून घर वीस हजार मासिक भाड्याने घेतो. मालकाला वाटते, एका संस्थेने वा दलालाने घर घेतले असून तो भाडे वेळेवर देतो. तेच घर तो नव्याने आलेल्या कुटुंबाला आठ लाखांच्या अनामतीवर, ‘भाडे शून्य’ म्हणून देतो. कुटुंबाला वाटते, वर्षभराचे भाडे वाचले. दोघेही समाधानी असतात आणि एकमेकांना कधीच भेटत नाहीत. त्यांची भेट होऊ न देणे हेच मध्यस्थाचे सारे कसब.

आता हिशेब मांडून पाहू. आठ लाख रुपये सात टक्के व्याजाने बँकेत ठेवले तर वर्षाला छप्पन्न हजार, म्हणजे महिन्याला सुमारे चार हजार सातशे रुपये मिळतात. मध्यस्थाला मालकाला मात्र दरमहा वीस हजार द्यायचे आहेत. उरलेले पंधरा हजार येणार कोठून? ते मुद्दलातूनच येतात. अकरा महिन्यांचा करार संपतो तेव्हा दोन लाख वीस हजार भाड्यात गेलेले असतात. व्याज धरले तरी दीड लाखाहून अधिक खड्डा पडलेला असतो आणि कुटुंबाला तर पूर्ण आठ लाख परत हवे असतात. तो खड्डा भरण्यासाठी नव्या कुटुंबाची अनामत लागते. मध्यस्थाकडे अशी तीस घरे असतील तर त्याच्या हाती दोन कोटी चाळीस लाख येतात आणि दरमहा सहा लाख बाहेर जातात. नवी कुटुंबे येत राहतात तोवर सर्व सुरळीत दिसते. ओघ आटला की एका महिन्यात सर्व मालकांचे भाडे थकते आणि कार्यालयाला कुलूप लागते.

मग मालक दारात येतो. त्याच्या दृष्टीने आत राहणारे लोक परके आहेत, भाडे थकले आहे आणि घर रिकामे हवे आहे. कुटुंबाच्या दृष्टीने त्यांनी आठ लाख दिले आहेत. दोघांचेही म्हणणे खरे असते. परंतु कुटुंबाचा करार मध्यस्थाशी असल्याने रकमेचा दावाही त्याच्यावरच राहतो आणि तो गायब असतो. या व्यवहाराची चाचणी म्हणून एकच प्रश्न पुरतो: माझे भाडे नाही, तर मालकाला पैसे कोण देतो आणि कशातून? उत्तर समजत नसेल तर ते उत्तर आपल्याच अनामतीत आहे, असे समजावे.

कागद काय वाचवतो

महाराष्ट्रात या बाबतीत कायद्याचा आधार आहे, पण तो अनेक नवागतांना ठाऊक नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे व नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ऑनलाईन नोंदणीत घर देणारा व घेणारा या दोघांचीही ओळख आधारावरून, अंगठ्याचा ठसा घेऊन पटवली जाते. बनावट मालक चुकतो तो येथेच. तो ओळखपत्राचे छायाचित्र पाठवू शकतो, अंगठा पाठवू शकत नाही. म्हणून ‘नोंदणीचा माणूस आला की अनामत देतो’ एवढे एक वाक्य बनावट मालकाला पळवून लावायला पुरेसे असते.

खर्चाचे निमित्तही टिकत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परताव्याच्या अनामतीवरील वार्षिक दहा टक्के धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का असते. आठ लाखांच्या अनामतीवर वर्षाचे धरलेले व्याज ऐंशी हजार आणि त्याचा पाव टक्का म्हणजे दोनशे रुपये. शहरी भागात नोंदणी शुल्क एक हजार. म्हणजे मध्यस्थाचे शुल्क सोडता सुमारे बाराशे रुपयांत आठ लाखांची रक्कम सरकारी दस्तात लिहिली जाते. ‘नोटरी केले की झाले’ असे जो सांगतो त्याला ही नोंद नको असते. नोटरीसमोर केलेला करार म्हणजे नोंदणीकृत दस्त नव्हे.

मात्र नोंदणी हाही अखेरचा शब्द नाही. करारात घर देणारा म्हणून मध्यस्थाचे नाव असेल तर नोंदणी फक्त चुकीच्या माणसाशी झालेला करार पक्का करते. त्यामुळे मालकी पाहावी. खरेदीखताचा इंडेक्स टू, मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल या तिन्हींवरचे नाव एकच आहे का, आणि कुलमुखत्यारपत्र दाखवले जात असेल तर त्यात पोटभाडेकरू ठेवण्याचा व अनामत स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, हे वाचावे. गोव्यात हेच काम पंचायतीची वा पालिकेची घरपट्टी पावती करते. आणि शक्य असेल तर मूळ मालकाशी दोन मिनिटे बोलावे. मध्यस्थ ही भेट टाळू लागला तर पुढे काही तपासण्याची गरज उरत नाही.

गोव्याच्या दारात

हाच खेळ गोव्यात येणाऱ्यांशीही खेळला जातो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खोल्या मिळेनाशा झाल्या की समाजमाध्यमांवर तरणतलाव असलेल्या व्हिलांची पाने उगवतात. पन्नास टक्के आगाऊ, मग ‘परताव्याची सुरक्षा अनामत’, मग उरलेली रक्कम. कुटुंब रात्री पत्त्यावर पोहोचते तेव्हा तेथे दुसऱ्याच कोणाचे घर असते, किंवा घर असते पण त्याच्या मालकाला या आरक्षणाची गंधवार्ताही नसते. काही वेळा खऱ्या हॉटेलच्या नावाने बनावट पान तयार करून फक्त दूरध्वनी क्रमांक बदललेला असतो.

येथे पडताळणीचा एक मार्ग राज्याच्या कायद्यातच आहे. गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा, १९८२ खाली हॉटेल चालवणाऱ्याला, तसेच मार्गदर्शकालाही, पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी क्रमांक मागणे आणि तो खात्याकडे ताडून पाहणे हा पर्यटकाचा हक्क आहे. फसलेला पर्यटक बनावट पानाचे नाव विसरतो, गोव्याचे नाव विसरत नाही. प्रामाणिकपणे घर देणाऱ्या स्थानिक कुटुंबांनी आपला क्रमांक जाहिरातीतच छापला, तर क्रमांक नसलेली जाहिरात आपोआप वेगळी पडेल.

पहिला तास

फसवणूक झाल्यावर सर्वाधिक नुकसान लाजेने होते. तरुण घरी सांगत नाही, ‘उद्या क्रमांक लागेल’ म्हणून वाट पाहतो. दरम्यान पैसा दोन-तीन खाती ओलांडतो. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या व्यवस्थेतील १९३० या क्रमांकावर तक्रार गेली की ती संबंधित बँकांकडे पोहोचते आणि खात्यात जी रक्कम अजून शिल्लक असेल ती रोखून धरली जाते. जी निघून गेली ती रोखता येत नाही. म्हणून येथे मिनिटांना किंमत आहे. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि पलीकडचा यूपीआय पत्ता हाताशी ठेवावा. मग cybercrime.gov.in वर लेखी तक्रार नोंदवून आपल्या बँकेलाही कळवावे. संभाषण पुसून टाकू नये. संतापाने पुसलेला संवाद म्हणजे गेलेला पुरावा.

पोलीस ठाण्याची हद्द ही अडचण ठरू नये. घर पुण्यातले, पैसे पाठवले फोंड्यातून आणि खाते तिसऱ्याच राज्यातले, अशा वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. तोतयेगिरी करून केलेली फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये येते आणि फसवून मालमत्ता द्यायला लावल्यास कलम ३१८ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

बँकेकडून भरपाईची अपेक्षा मात्र जपून करावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातील ग्राहक संरक्षण अनधिकृत व्यवहारांसाठी आहे, म्हणजे ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी. येथे पिन ग्राहकाने स्वतः टाकलेला असतो. फसवून घेतलेली असली तरी ती संमती मानली जाते. रोखून धरलेली रक्कमही कायदेशीर प्रक्रियेतून जाऊनच परत मिळते, त्याला वेळ लागतो.

रिक्षावाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस चाळीस हजार न पाहता पाठवतो, यात त्याचा मूर्खपणा शोधण्यात अर्थ नाही. रिक्षात बसण्याआधी तो रिक्षा पाहतो, चालकाचा चेहरा पाहतो, मीटर पाहतो. घराच्या बाबतीत मुदत जवळ आलेली असते, शहर दूर असते आणि पाहण्याची सोय कोणीतरी हिरावून घेतलेली असते. जून-जुलैत राज्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या सामानात लोणच्याच्या बरणीबरोबर एक वाक्य बांधून द्यावे: आधी घर, मग माणूस, मग कागद, आणि पैसे सर्वांत शेवटी.